नजर, निगा आणि पाहणी

इंग्रजीत बघण्यासाठी वेगवेगळी क्रियापदे आहेत, आणि त्यातली पाच अनुवादकाला हमखास अडवतात. ग्लान्स, ग्लिम्प्स, स्टेअर, पीअर आणि गेझ. इंग्रजी-मराठी कोशात या प्रत्येकासमोर एक छोटी शब्दावळ सापडते. कुठे ‘ओझरती नजर टाकणे’, कुठे ‘टक लावून पाहणे’, कुठे ‘डोळे बारीक करून पाहणे’. शेवटी बहुधा ‘पाहणे’ येते आणि त्याच्या पुढेमागे काहीतरी चिकटवलेले असते. यावरून मराठी या बाबतीत गरीब आहे अशी तक्रार मी अनेक अनुवादकांच्या तोंडून ऐकली आहे. इंग्रजीत पाच मुळे, आपल्याकडे एक मूळ आणि पाच विशेषणे, असा तो हिशेब.

मला तो हिशेब पटत नाही. मराठीने भेद केलेले आहेत, पण ते दुसऱ्या जागी केलेले आहेत. इंग्रजी क्रियापद प्रामुख्याने डोळ्याविषयी बोलते: नजर किती वेळ टिकली, ती स्थिर होती की घाईत होती, दिसायला त्रास पडत होता की नाही. मराठी क्रियापदाचे मुख्य काम वेगळे आहे. बघणारा आणि बघितले गेलेले यांचे नाते काय आणि बघून झाल्यावर बघणाऱ्याच्या अंगावर काही जबाबदारी येते का, हे ते सांगते. हे मी पुस्तकी उदाहरणांऐवजी रेणापूर आणि आसपासच्या बोलण्यावर तपासून बघणार आहे. लातूर जिल्ह्याच्या या तालुक्यात बघण्याच्या एका प्रकारावर माणसांचे वर्षाचे पैसे ठरतात, त्यामुळे इथे हे शब्द कोणी सैल वापरत नाही.

सुरुवात ग्लिम्प्सपासून करू, कारण तिथे मराठीची पद्धत सर्वांत स्वच्छ दिसते. बसमधून जाताना मित्र रस्त्याच्या कडेला क्षणभर नजरेला पडला, तर इंग्रजी बोलणारा त्या बघण्याचा कर्ता स्वतः होतो. मराठी बोलणारा तसे करत नाही. तो म्हणतो, ‘मला तो दिसला’. ‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ ही दोन्ही क्रियापदे संस्कृतातून प्राकृतमार्गे आलेली आहेत. पाहण्यामागे ‘पश्यति’ आहे आणि दिसण्यामागे ‘दृश्यते’, म्हणजे मुळातच कर्मणी रूप. दिसणे ही माझी कृती नव्हेच. ती माझ्यावर येऊन पडलेली गोष्ट आहे, म्हणून वाक्यात मी ‘मला’ होतो. दृष्टीस पडणे, नजरेस येणे हे सगळे याच घरातले. ‘ओझरते’ हे विशेषण लावले नाही तरी ‘दिसला’मध्ये निम्मे ग्लिम्प्स आधीच आहे.

याचा उपयोग गावातल्या भांडणात कळतो. बांध कोरला, झाड तोडले, मारामारी झाली की पंचनाम्याच्या वेळी शेजारी सांगतो, ‘मला दिसलं’. ‘मी बघितलं’ असे तो सहज म्हणणार नाही, कारण बघितलं म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला आहे: मग तू काय केलंस? जे दिसले त्याचा जाब नसतो, जे बघितले त्याचा असतो. इंग्रजी कादंबरीतल्या ग्लिम्प्सचा अनुवाद ‘तिने त्याला ओझरते पाहिले’ असा केला की मराठी वाचकाला कुठेतरी खटकते, ते याच कारणाने. नजर ओझरती आणि क्रियापद जबाबदारीचे, असा तो विसंगत जोड असतो.

ग्लान्सचे उलट. ती कृती आहे, पण हलकी. त्यासाठी मराठीने नजरेलाच वस्तू केले. नजर टाकतात, फिरवतात, चुकवतात, ठेवतात, रोखतात. टाकलेली नजर परत उचलायची नसते, ठेवलेली नजर ठेवणाऱ्याला बांधून घेते. एवढा फरक नुसत्या जोडक्रियापदाने होतो. ‘कटाक्ष’ हा याच कुटुंबातला संस्कृत शब्द, डोळ्याच्या कोपऱ्यातून टाकलेली नजर. त्याचे मराठीत काय झाले ते मजेशीर आहे. ‘कटाक्ष टाकणे’ अजून शृंगारात किंवा रागात सापडते, पण ‘कटाक्षाने’ म्हटले की अर्थ होतो काटेकोरपणे, ठरवून. एखादा माणूस कटाक्षाने वेळ पाळतो, कटाक्षाने गोड टाळतो. तिरक्या नजरेचा शब्द सरळ शिस्तीच्या कामाला लागला. याउलट ‘काणाडोळा’. हल्ली तो ‘कानाडोळा’ असा लिहितात आणि कानाशी त्याचा संबंध जोडतात. मुळात काणा म्हणजे एका डोळ्याने न बघणारा किंवा तिरपा. दिसत असताना न बघितल्यासारखे करणे हे त्या शब्दाचे काम, आणि त्यात दोष बघणाऱ्याचा आहे हे तो लपवत नाही.

स्टेअरपाशी मात्र अनुवादकाची तक्रार थोडी खरी आहे. इंग्रजी शब्दात उद्धटपणाची छटा आपोआप येते. ‘टक लावणे’ यात ती नाही. मराठीला इथे निवड करावीच लागते, आणि निवड केली की बघणाऱ्याचे मन उघडे पडते. लहान मूल नव्या माणसाकडे टकमका बघते, त्यात नुसते कुतूहल. दुकानाच्या काचेपाशी उभे राहिलेले पोर टुकूटुकू बघते, त्यात हवे आहे पण मिळणार नाही हे कळलेले असते. एकटक बघणारा हरवलेला असतो, रोखून बघणारा आव्हान देत असतो, डोळे वटारून बघणाऱ्याला वयाचा किंवा नात्याचा अधिकार असतो. धाकट्याने थोरल्याकडे डोळे वटारले तर गावात ती बातमी होते. एकाच स्टेअरची ही पाच भाषांतरे आहेत. त्यातले योग्य कोणते हे मूळ वाक्य सांगत नाही. मूळ प्रसंग सांगतो.

आमच्याकडच्या बोलीत उद्धट स्टेअरला एक तयार वाक्य आहे: ‘काय बघायलास रं?’ लातूर-नांदेडकडे ‘बघतोयस’ऐवजी ‘बघायलास’ म्हणतात, करायलास, जायलास, बघायलास. यात कोणतेही विशेषण नाही. पण प्रश्न विचारला की बघणाऱ्याला आपल्या बघण्याचे कारण द्यावे लागते, आणि कारण नसेल तर नजर खाली घालावी लागते. म्हणजे उद्धटपणा इथे क्रियापदात नसून त्या प्रश्नात आहे. बघायला हक्क लागतो, असे तो प्रश्न गृहीत धरतो.

पीअरमध्ये इंग्रजी दोन गोष्टी एकत्र ठेवते: नीट दिसत नाही म्हणून केलेला प्रयत्न आणि आत काय आहे हे बघण्याची ओढ. मराठीने त्या फोडल्या. धुक्यात, अंधारात, बारीक अक्षरांत आपण डोळे बारीक करून, निरखून बघतो. दुसऱ्याच्या दारातून मात्र डोकावतो. ‘डोकावणे’ डोक्यावरून आले आहे, त्यात डोळा नाहीच. शरीर बाहेर आणि डोके आत, हे त्या शब्दाचे चित्र आहे, आणि ज्याचे डोके तेवढेच आत आहे तो त्या घरचा नाही. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, ही म्हण याच वृत्तीवर आहे. वाकून बघणे म्हणजे कष्ट घेऊन बघणे, पण ते कष्ट चुकीच्या जागी.

आता गेझ. याला मराठीत तीन जवळचे शब्द आहेत, न्याहाळणे, निरखणे आणि पारखणे, आणि लेखनात ते बरेचदा एकमेकांच्या जागी टाकले जातात. न्याहाळण्याच्या मुळाशी संस्कृत ‘निभालयति’ आहे, निरखण्याच्या मुळाशी ‘निरीक्षते’, पारखण्याच्या मुळाशी ‘परीक्षा’. व्युत्पत्तीपेक्षा बैलबाजार हा फरक चांगला शिकवतो. देवणी ही गोजात याच लातूर जिल्ह्यातल्या देवणी भागाच्या नावाने ओळखली जाते, आणि शेजारच्या नांदेडमधल्या कंधारची लाल कंधारी. उदगीर तालुक्यात हाळी-हंडरगुळीला बैलांचा बाजार भरतो. तिथे खरेदीला आलेला माणूस आधी लांबून नुसती नजर फिरवतो. एखादी जोडी आवडली तरी तो थांबत नाही, कारण थांबला की विकणाऱ्याला भाव वाढवायला जागा मिळते. मग जवळ येऊन तो निरखतो: खूर फाटलेले आहेत का, खांद्यावर जुवाचा घट्टा आहे की जखम, डोळ्यातून पाणी येते का, चालताना मागचा पाय ओढतो का. मग ‘दात बघतो’. बैलाच्या पुढच्या बाजूला कापायचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात. एकही पक्का दात नाही तो आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते आणि बैल जुळायला साडेचार-पाच वर्षे लागतात. म्हणून दात बघणे म्हणजे वय वाचणे. विकणारा सांगेल त्यापेक्षा दात खरे. त्यानंतर दात किती झिजले आहेत हे बघून जुळल्यावर किती हंगाम गेले याचा अंदाज करतात, आणि इथे तो पारखी असेल तरच फसत नाही.

या सगळ्या वेळात ती जोडी न्याहाळणारा एकच माणूस तिथे असतो, तो विकणारा. विकायला आणलेल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो उभा असतो आणि गिऱ्हाईक दात बघत असताना बैलाच्या तोंडाकडे बघत असतो. न्याहाळण्यात माया लागते. आरशात स्वतःला न्याहाळतात, पाळण्यातल्या बाळाला न्याहाळतात. शत्रूला कोणी न्याहाळत नाही. त्याला निरखतात किंवा हेरतात. निरखण्यात प्रेम असेलच असे नाही, पण काळजीपूर्वकपणा हवा. पारखण्यात किंमत ठरते. गेझ या एका शब्दाच्या जागी यातला कुठलाही घातला तर वाक्य व्याकरणात बरोबर राहील आणि माणूस बदलेल.

इथवर शब्द वेगळे होते. पण मराठीची खरी ताकद मला प्रत्ययांत दिसते. ‘मुलगी पाहिली’, ‘मुलीला पाहिलं’ आणि ‘मुलीकडे पाहिलं’ ही तीन वाक्ये घ्या. क्रियापद एक. ‘मुलीला पाहिलं’ म्हणजे ती रस्त्यात, लग्नात, कुठेतरी भेटली, ओळखीची किंवा निश्चित एखादी व्यक्ती. ‘मुलगी पाहिली’ म्हटले की मराठी कानाला पाहुणे, पोह्यांच्या बशा आणि नजर खाली घालून बसलेली मुलगी ऐकू येते. ‘-ला’ गेला आणि माणूस निवडायच्या यादीत गेला. घर पाहणे, जागा पाहणे, बैल पाहणे हे याच घडणीचे प्रयोग आहेत. मुलगाही ‘पाहतात’ हे खरे, ‘लेकीसाठी मुलगा पाहायलोय’ असे रोज ऐकू येते. पण त्या पाहण्यात शोध जास्त आणि डोळा कमी. चार माणसे घरी येऊन ज्याला समोर बसवून बघतात तो मुलगा नसतो. सणावाराला गावी आलेल्या मुलींना या एका गाळलेल्या प्रत्ययाचा राग येतो, आणि तो राग व्याकरणाला धरूनच आहे.

तिसरे वाक्य, ‘मुलीकडे पाहिलं’, वेगळ्याच दिशेला जाते. ‘कडे’ हा दिशेचा प्रत्यय, पण त्यातून सांभाळण्याचा अर्थ निघतो. ‘म्हातारीकडं बघणारं कोणी नाही’ याचा डोळ्यांशी काही संबंध नाही. घरात चार माणसे रोज तिला बघत असतील, तरीही तिच्याकडे बघणारा कोणी नसू शकतो. नवरा गेलेली बाई म्हणते, ‘लेकराकडं बघून दिवस काढले’. इथे बघणे म्हणजे कारण, आधार, जगण्याची अट. इंग्रजीतही ‘लुक आफ्टर’ आहे, म्हणजे ही वाट फक्त मराठीची नाही. पण लेकराकडे बघून काढलेले दिवस इंग्रजीत बघण्याच्या क्रियापदाने सांगता येत नाहीत.

हेच वळण एका उसन्या शब्दानेही घेतले आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आमच्याकडच्या दफ्तरी भाषेत फारसी-अरबी शब्द तेव्हापासून नव्हे, त्याच्याही कितीतरी आधीपासून मुरले आहेत. अरबी ‘नजर’ हा त्यातला सर्वांत रुळलेला. (‘नजराणा’ मात्र त्याचा नातेवाईक नाही. तो वेगळ्या अरबी धातूपासून आला, अर्पण करणे या अर्थाच्या. देवनागरीत दोन्हींचा ज एकच झाला, म्हणून ते भाऊ वाटतात.) फारसी ‘निगाह’ म्हणजे दृष्टी. मराठीत त्याची ‘निगा’ झाली आणि दृष्टीचा अर्थ पूर्ण गळून पडला. निगा राखतात ती झाडाची, जनावराची, बाळंतिणीची. आज ‘निगा’ म्हणताना डोळा कोणाच्याच मनात येत नाही. मराठीने बघण्यातून फक्त सांभाळणे ठेवून घेतले.

आणि जो बघतो पण काहीच देणे लागत नाही, त्याच्यासाठीही मराठीने नाम घडवले: बघ्या. या शब्दात उघड तुच्छता आहे. प्रेक्षकाने तिकीट काढलेले असते, साक्षीदार पुढे जबाब देणार असतो. बघ्याने काहीच केलेले नसते आणि काही करणार नसतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर मदतकार्याच्या वाटेत बघ्यांची गर्दी ही एक अडचण होऊन बसली होती. त्या दिवसांबद्दल बोलताना लातूरकडची माणसे अजून हा शब्द थुंकल्यासारखा उच्चारतात. ढिगाऱ्यात हात घालणारेही बघतच होते, पण त्यांना कोणी बघे म्हटले नाही.

आता ज्या प्रकारावर पैसे ठरतात म्हणालो, त्याकडे येतो. तो शब्द आहे ‘पाहणी’.

रेणापूर तालुक्यात खरिपात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर असते. सप्टेंबरअखेर ते काढणीला येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत परतीचा पाऊस येतो. सरकारी कामकाजात पिकाची स्थिती ठरवायला पैसेवारी काढतात. पूर्वी हिला आणेवारी म्हणत, रुपयाचे सोळा आणे धरून. चलन दशमान झाले, आण्याचे पैसे झाले, पण वयस्कर माणसांच्या तोंडी अजून आणेवारीच आहे. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली तर गावाची स्थिती टंचाईची धरली जाते आणि सवलतींचा विचार होतो. पहिली पैसेवारी पीक उभे असतानाच जाहीर होते, 30 सप्टेंबरच्या सुमारास, आणि तिचे अधिकृत नाव आहे ‘नजरअंदाज पैसेवारी’. ऑक्टोबरअखेर सुधारित येते, आणि हंगाम संपल्यावर अंतिम. अंतिम पैसेवारीला पीक कापणी प्रयोगांचा आधार असतो, म्हणजे मोजून आखलेल्या तुकड्यातले पीक कापून, मळून, वजन करून बघणे. पहिलीला आधार नजरेचा.

हिंदीत ‘नजरअंदाज करणे’ म्हणजे दुर्लक्ष करणे, आणि हल्ली हिंदीच्या वळणाने मराठीतही तसे बोलतात. सरकारी मराठीत मात्र ते ‘नजरेने केलेला अंदाज’ आहे. गावात हा शब्द वाचून दाखवला की कोणीतरी हमखास दुसरा अर्थ सुचवतो आणि सगळे हसतात. विनोद जुना आहे, पण त्याला धार आहे.

कारण सोयाबीन हे नजरेला फसवणारे पीक आहे. पाऊस लागून राहिला की बांधावरून रान हिरवे किंवा पिवळसर, भरलेले दिसते. शेंगाही लगडलेल्या दिसतात. जवळ जाऊन एक झाड उपटले तर मुळे काळी पडून कुजलेली निघतात. शेंग फोडली तर आत दाणा काळपट, बुरशी चढलेला, किंवा शेंगेतच मोड आलेला असतो. ते पीक बाजारात जात नाही, किंवा गेले तर मातीच्या भावाने जाते. म्हणून बांधावरून बघणे, रानात उतरून बघणे आणि शेंग फोडून बघणे या तीन वेगळ्या कृती आहेत आणि त्यांची तीन वेगळी उत्तरे येतात. अतिवृष्टीच्या नुकसानीच्या पंचनाम्यात 33 टक्क्यांची रेघ आहे. 2015 पूर्वी ती 50 टक्क्यांवर होती. त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत. आता त्या रानात 33 टक्के म्हणजे किती हे बांधावरून कोणाला सांगता येईल? जो वाकला नाही त्याला तीस आणि साठ यांतला फरक कळणार नाही.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आले तेव्हा हा शब्द पुन्हा रोज कानावर पडत होता. बातम्यांत ‘पाहणी दौरा’, कागदावर ‘पाहणी करून पंचनामे’, आणि पारावर वेगळेच. तिथे लोक तीन क्रियापदांनी माणसे वेगळी करत होते. ‘पाहणी केली’ म्हणजे रानात उतरले, शेतकऱ्याला विचारले, लिहून घेतले. ‘बघून गेले’ म्हणजे आले, थांबले, फोटो निघाले, पुढे गेले. इथे ‘जाणे’ हे सहायक क्रियापद सगळे काम करते, बघणे संपले ते निघून जाण्यात. आणि ‘नुसतं दिसले’ म्हणजे गाडीची काच वर होती. शेवटच्यात कर्ताच उलटला आहे. त्यांनी रान बघितले नाही, ते रानाला दिसले.

या तीनही वाक्यांपुढे कार्यालयातले एक चौथे क्रियापद येते, ‘बघू’. ‘बघू की’, ‘बघतो’, ‘बघून सांगतो’ या उतरत्या पायऱ्या आहेत. ‘बघून सांगतो’मध्ये थोडी आशा आहे, कारण सांगणे शिल्लक राहते. ‘बघतो’ म्हणजे बहुधा नाही. ‘बघू की’ म्हणजे नाहीच, पण तुम्हाला चहा मिळेल. आणि याच क्रियापदाला ‘घेणे’ जोडले की ‘बघून घेतो’ ही धमकी होते. पुढे ढकललेले बघणे सौम्य असले तर नकार आणि कडक असले तर सूड. बाहेरगावच्या माणसाला हे कोशातून कळणार नाही.

‘पाहणी’ची एक गोष्ट मला बराच काळ लक्षवेधी वाटत आली आहे. स्वतःच्या शेताची कोणी पाहणी करत नाही. माणूस म्हणतो, ‘शेत बघून येतो’, किंवा ‘शेताकडं जाऊन येतो’. पाहणी नेहमी दुसऱ्याच्या वस्तूची, बाहेरच्या माणसाने, अधिकाराने केलेली. सातबाऱ्यावरची पिकांची नोंद, म्हणजे गाव नमुना बारा, तलाठ्याच्या पीक पाहणीवरून होत असे. ज्याचे पीक पाहणीत आले नाही त्याचे रान कागदावर पडीक राहायचे, मग विमा, कर्ज, खरेदी केंद्रावरची विक्री, सगळीकडे तो कागद आडवा यायचा. सगळे गाव ते पीक रोज बघत असे, पण त्या बघण्याला दफ्तरात वजन नव्हते.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि कर्ता बदलला. आता शेतकरी स्वतःच्या रानात उभा राहून मोबाईलवर पिकाचे नाव आणि क्षेत्र भरतो, पिकाचा फोटो काढतो, आणि फोन त्या जागेचे अक्षांश-रेखांश जोडून देतो. भाषेच्या बाजूने ही मोठी गोष्ट आहे. आपल्याच शेताची पाहणी करणारा माणूस मराठीत पहिल्यांदा आला. अडचणीही लगेच आल्या, आणि त्या तांत्रिक तितक्याच शब्दाच्या आहेत. नदीकाठच्या रानात रेंज नसते, म्हाताऱ्या माणसाकडे साधा फोन असतो, मग शेजारचे पोर ‘पाहणी करून देते’. फोटोत झाड दिसते, शेंगेच्या आतला मोड दिसत नाही. नोंद पेरणीनंतरची असते, नुकसान काढणीच्या तोंडावर होते, म्हणजे पाहणी झालेली असली तरी पंचनाम्याला पुन्हा माणूसच लागतो आणि त्याला वाकावे लागते.

मुदत संपत आली की रेणापुरात दुकानाच्या ओट्यावर एकमेकांना विचारतात, ‘पाहणी केलास का?’ उत्तर येते, ‘केलो, काल फोटो मारलो’. आणि थोड्या वेळाने तोच माणूस उठून चप्पल घालतो. कुठे निघालास म्हटले तर म्हणतो, शेत बघून येतो.